ब्रेस्टच्या ब्लॉकचा मधला भागच नीट कापला जात नाहीये, रिबनमध्ये भोक पडतंय. चूक नक्की कुठे होतेय?

वैशाली_हिस्टो
नमस्कार मंडळी. डीएमएलटी करून चार वर्षं झाली, त्यातली अडीच हिस्टोला. लॅब लहान आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी, हिस्टोला मी एकटीच, सर दुपारी येऊन ग्रॉसिंग करतात आणि स्लाइड बघतात. गेल्या आठवड्यात एक मॅस्टेक्टॉमी आली. गाठीचे पाच ब्लॉक केले त्यातले तीन कापतानाच हातातून गेले. ट्रिम करताना वाटतं छान चाललंय, मग मधोमध ओलसर मऊ लागतं, रिबनमध्ये भोक पडतं, आणि जो सेक्शन कसाबसा येतो तो वॉटर बाथवर टाकला की मधून फाटत पसरतो, हातरुमालाच्या चिंध्या व्हाव्यात तसा. नखाने दाबलं तर नख आत जातं. दुसऱ्या दिवशी तेच ब्लॉक बघितले तर मधे बशीसारखा खळगा.
ब्लेड नवीन लावून झालं. बर्फावर ठेवून झालं. त्याच रात्रीचे अपेंडिक्स आणि क्युरेटिंग मात्र लोण्यासारखे कापले गेले, म्हणजे मशीन बिघडलंय असंही म्हणता येत नाही. स्लाइड बघून सर म्हणाले हिमॅटॉक्सिलिन उतरलंय, बदला. बदललं. तरी मधे तसंच फिकं.
पेशंटच्या घरचे रोज फोन करतात आणि सरांना रिपोर्ट देता येत नाहीये. मला रात्री झोप नाही. कुणी सांगेल का?

अमोल_टेक
ताई हे आमच्याकडे पण होतं ब्रेस्टला, फॅट असते ना. झायलीन वाढव, दोनाच्या जागी तीन बीकर कर आणि मेणाचं टेंपरेचर 68-70 ला ने, मेण पातळ झालं की आत शिरतं. आणि ब्लॉक रात्रभर फ्रीजरमधे टाक, सकाळी दगडासारखा होतो, मस्त कापला जातो.

पितळी_एल
अमोल, झायलीनचं बरोबर बोललास, फॅटला एक बीकर जास्त लागतोच. पण मेण 70 ला नेऊ नकोस बाबा, 58-60 ला वितळणारं मेण असेल तर बाथ 60-62 ला ठेवायचा, त्याहून तापवलं की टिश्यू करपल्यासारखा कडक होतो आणि सेक्शनला बारीक भेगा पडतात. फ्रीजरचं म्हणशील तर सेक्शन येईलही, पण मधे जे शिजलं नाहीये ते थंड करून शिजत नाही.
वैशाली, मी 31 वर्षं मुंबईत सरकारी कॉलेजच्या हिस्टोत होतो, आता रिटायर आहे. तुझं वर्णन चांगलं आहे पण मला काही गोष्टी पाहिजेत. सॅम्पल कधी आलं, कशात आलं, कधी उघडलं, तुकडे किती जाड घेतले, मशीनला किती वाजता लावलं. मशीनचं शेड्यूल पण लिही. आणि एक महत्त्वाचं, ट्रिम करताना सुरुवातीचे सेक्शन पूर्ण येतात आणि आत गेल्यावर भोक पडतं, की पहिल्यापासूनच भोक आहे?

माणिकमोती
नमस्कार, मी या क्षेत्रातली नाही, शोधताना हा धागा सापडला. माझ्या आईची गाठ काढून आज सहावा दिवस, रिपोर्ट नाही. लॅबवाले म्हणतात प्रोसेसिंग चालू आहे. तुमचं वाचून भीती वाटली. म्हणजे आमच्याही तपासणीत असंच काही बिघडलंय का? आणि दुसरं म्हणजे ऑपरेशन झाल्यावर डबा माझ्याच हातात दिला होता लॅबला न्यायला, पण तोवर लॅब बंद झाली होती, म्हणून मी तो रात्रभर आमच्या फ्रिजमध्ये ठेवला, खराब होऊ नये म्हणून. चुकलं का माझं?

पॅथॉलॉजीवाली
माणिकमोती ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आधी तुमचं उत्तर देते. डब्यात औषधाचं पाणी होतं का, डोळ्यात झोंबणारा वास येतो ते? असेल तर फ्रिजमध्ये ठेवल्याने टिश्यू खराब होत नाही, फक्त थंडीत ते औषध हळू काम करतं. लॅबला एवढं नक्की सांगा की रात्रभर फ्रिजमध्ये होता, म्हणजे ते कापायच्या आधी थोडा जास्त वेळ देतील. पुन्हा कधी वेळ आली तर बाहेर नेहमीच्या तापमानाला ठेवायचा, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाती लागणार नाही असा.
आणि सहा दिवस म्हणजे काही बिघडलंच असं नाही. मोठा तुकडा असला की औषध आत मुरायला एक दोन दिवस जातात, मग एक रात्र मशीनमध्ये, दुसऱ्या दिवशी मेणाचे ठोकळे, पापुद्र्यासारखे काप, रंग, मग आम्ही बघतो. त्यावर आणखी खास रंग लावायचे ठरले तर अजून दिवस लागतात. फोन करून एवढंच विचारा की स्लाइड तयार झाल्या का आणि पुढच्या तपासण्या लावल्यात का. एवढं सांगायला कुणी नाही म्हणत नाही.

माणिकमोती
वास येत होता, डोळ्यात पाणी आलं होतं माझ्या. सांगते त्यांना फ्रिजचं. खूप आभार डॉक्टर.

वैशाली_हिस्टो
काका, सगळं लिहिते. शनिवारी संध्याकाळी 7 ला आलं. अख्खं ब्रेस्ट, काखेच्या फॅटसकट, न कापता, 2 लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात कोंबून बसवलेलं, वरून लिटरभर फॉर्मॅलिन असेल नसेल. रविवार बंद. सोमवारी सर लवकर आले, 10 ला उघडलं, कापलं तर गाठ तीनेक सेंटीमीटर खोल, आणि आतला रंग लालसर होता, बाहेरून मात्र राखाडी. मी म्हणलं सर हे अजून कच्चं दिसतंय. पण सर्जनची घाई होती, तुकडे घेतले. पाच-सहा मिलिमीटर जाड असतील, कॅसेटचं झाकण दाबून लावावं लागलं. 11 ला कॅसेट परत फॉर्मॅलिनमध्ये आणि 4 ला मशीनला.
मशीन साधं गोल फिरणारं, 1 लिटरचे बीकर. फॉर्मॅलिन 2 तास, 70 टक्के 1 तास, 90 टक्के 1 तास, मग अब्सोल्यूट तीन, प्रत्येकी दीड तास, झायलीन दोन, दीड दीड तास, मेण दोन, दोन दोन तास. सकाळी साडेसातला तयार. अल्कोहोल म्हणजे आम्ही आयसोप्रोपिलच वापरतो, इथॅनॉलच्या परवान्याच्या भानगडी नकोत म्हणून.
आणि हो, सुरुवातीचे आठ-दहा सेक्शन पूर्ण येतात. भोक आत गेल्यावरच पडतं.

अमोल_टेक
शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ म्हणजे 39 तास झाले की! फॉर्मॅलिन तासाला 1 मिमी जातं असं आम्हाला शिकवलंय, 39 तासात 39 मिमी, गाठ 30 मिमीवर. म्हणजे फिक्सेशन झालेलंच आहे, प्रॉब्लेम पुढचा आहे.

पितळी_एल
अमोल, हा हिशोब मी पण पहिली काही वर्षं असाच करायचो, आणि त्याने फार ब्लॉक घालवले. तासाला मिलिमीटर हे फक्त पहिल्या तासापुरतं, तेही जेमतेम. पुढे पुढे ते रखडतं. दुप्पट खोल जायला दुप्पट नाही, चौपट वेळ लागतो. ढोबळ मानाने तासाभरात 0.8 मिमी, 4 तासात 1.6, 16 तासात 3.2. म्हणजे 39 तासात 5 मिमी. पाच! गाठ तीस मिलिमीटरवर. रविवारभर ती गाठ फॉर्मॅलिनच्या डब्यात होती पण फॉर्मॅलिनमध्ये नव्हती, उन्हाळ्यात बंद खोलीत तशीच पडून होती असं समज. वर कातडी आणि चारी बाजूंनी फॅट, फॅटमधून तर आणखीच हळू जातं.
आता पुढचा हिशोब करू. सोमवारी 11 ते 4 कॅसेट फॉर्मॅलिनमध्ये, मशीनमध्ये अजून 2 तास, म्हणजे 7 तास. 7 तासात 2 मिमीच्या आसपास. तुकडा 6 मिमी जाड. वरून 2, खालून 2, मधले 2 मिमी कोरे राहिले. म्हणून तुझे वरचे सेक्शन पूर्ण आले आणि आत गेल्यावर भोक पडलं, तू सांगितलंस ते तंतोतंत जुळतं. क्युरेटिंगचे तुकडे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे, ते तासा-दोन तासात होऊन जातात, अपेंडिक्स आपण आडवं पातळ कापतो. त्यांना काही होत नाही.

पॅथॉलॉजीवाली
काकांच्या हिशोबात एक भर. द्रव पोचला म्हणजे फिक्स झालं असंही नाही. पोचल्यावर प्रोटीन बांधायला त्याला आणखी वेळ लागतो, म्हणून मोठ्या सॅम्पलला आम्ही पातळ कापल्यानंतरसुद्धा रात्रभर ठेवतो. ब्रेस्टच्या बाबतीत तर नियमच आहे, ईआर-पीआर-हर2 करायचं असेल तर फॉर्मॅलिनमध्ये 6 ते 72 तास, आणि शरीराबाहेर काढल्यापासून तासाभरात ते फॉर्मॅलिनमध्ये पडलं पाहिजे. फॉर्मॅलिनमध्ये पडणं म्हणजे कापलेल्या गाठीला फॉर्मॅलिन लागणं, डब्यात पडणं नव्हे.
वैशाली, तू सोमवारी "कच्चं दिसतंय" म्हणालीस ते अगदी बरोबर होतं. ते डोळ्यांना दिसतं. तेव्हा थांबायला हवं होतं.

रेसिडेंट_दुसरं_वर्ष
मी एमडी पॅथला आहे, एक शंका. सर म्हणाले हिमॅटॉक्सिलिन उतरलंय, ते का नसावं? आमच्याकडे हॅरिस जुनं झालं की न्यूक्लियस असेच फिके येतात, वर सोनेरी पापुद्रा येतो, तो गाळून टाकावा लागतो.

पॅथॉलॉजीवाली
कारण एकाच स्लाइडवर कडेला न्यूक्लियस चांगले आहेत. वैशाली, तसं आहे ना? रंगाचा डबा स्लाइडच्या कडेला वेगळा आणि मधे वेगळा नसतो. हिमॅटॉक्सिलिन उतरलं असेल तर पूर्ण स्लाइड फिकी येईल, त्या बॅचमधलं अपेंडिक्ससुद्धा. कडेला क्रोमॅटिन बारीक, न्यूक्लियसची कडा स्पष्ट, आणि मधे जाता जाता न्यूक्लियस धुकट, पुसल्यासारखे, पेशींच्या सीमा नाहीत, सगळं गढूळ गुलाबी, असं चित्र असेल तर ते रंगाचं दुखणं नाही, त्या जागेला फॉर्मॅलिन मिळालं नाही याचं आहे.
मी स्वतः स्लाइड उलटी वाचते. म्हणजे शेवटच्या पायरीपासून मागे. पूर्ण स्लाइडवर दोष असेल तर रंगाकडे बघायचं. एकाच बॅचच्या सगळ्या ब्लॉकवर असेल तर मशीनकडे. आणि एकाच ब्लॉकच्या मधोमध असेल तर डबा आणि सुरी, म्हणजे सॅम्पल कसं आलं आणि किती जाड कापलं.

वैशाली_हिस्टो
हो मॅडम, अगदी असंच आहे. कडेला सुंदर, आत गढूळ. अपेंडिक्सची स्लाइड एकदम छान आहे. म्हणजे मी हिमॅटॉक्सिलिनची बाटली उगीच फेकली.

पितळी_एल
आता मला एक खटकतंय ते सांगतो. फिक्सेशन न झाल्याने न्यूक्लियस गढूळ, हे मान्य. पण मऊ का? ज्या भागाला फॉर्मॅलिन मिळत नाही त्याला पुढे अल्कोहोल मिळतं, आणि अल्कोहोल स्वतःच टिश्यू गोठवतं. कच्चा राहिलेला भाग अल्कोहोलने आक्रसतो, कडक होतो, कधी ब्लेडखाली खरखरतो. नख आत जाईल इतका लिबलिबीत नाही राहात. मऊ आणि दुसऱ्या दिवशी बशीसारखा खळगा म्हणजे आत पाणी नाहीतर झायलीन राहिलंय, मेण पोचलेलंच नाही. ते उडून गेलं की जागा खचते. ब्लॉक फोडून वास घे. झायलीनचा वास आला तर मेणाच्या बाथमध्ये झायलीन साठलंय किंवा वेळ कमी पडतोय. वास नाही पण ओलसर लागलं तर पाणी.
पाणी असेल तर एक साधी परीक्षा कर. काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये ताजं झायलीन घे आणि तुझ्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या अब्सोल्यूटमधलं अल्कोहोल थेंबथेंब सोड. हलवून बघ. स्वच्छ राहिलं तर ठीक. दुधाळ झालं तर त्या अल्कोहोलमध्ये पाणी आहे आणि तुझं टिश्यू झायलीनमध्ये ओलंच जातंय. बाटलीतल्या ताज्या अल्कोहोलने पण तेच करून शेजारी ठेव, म्हणजे फरक दिसेल.

सातारकर_लॅब
आमच्याकडे शेवटच्या अब्सोल्यूटच्या तळाला पांढरं कॉपर सल्फेट घालून वर फिल्टर पेपर ठेवायचे, निळं झालं की बीकर बदलायचा. जुनी पद्धत आहे, अजून चालते. पावसाळ्यात तर चार दिवसात निळं व्हायचं, हवेतलीच दमट ओल ओढून घेतं अल्कोहोल, बीकरवर झाकण नीट बसत नसेल तर बघायलाच नको.

वैशाली_हिस्टो
काका, आत्ताच करून बघितलं. हात थरथरत होते. बाटलीतलं अल्कोहोल, झायलीन स्वच्छ. तिसऱ्या बीकरमधलं, पाचव्या-सहाव्या थेंबाला दुधासारखं झालं. फोटो काढून सरांना दाखवला.
ब्लॉकला वास नाही, ओलसरच आहे.
पण मी दर शनिवारी अल्कोहोल बदलते हो! न चुकता.

पितळी_एल
कुठला बीकर बदलतेस?

वैशाली_हिस्टो
पहिला. म्हणजे पहिला अब्सोल्यूट. तोच सगळ्यात घाण होतो ना, पिवळट दिसतो, म्हणून तो ओतून देते आणि तिथे ताजं भरते. दुसरा-तिसरा स्वच्छ दिसतात म्हणून त्यात कमी पडेल तेवढं वरून घालते. माझ्या आधी जे होते त्यांनी मला असंच दाखवलं होतं.

पितळी_एल
सापडलं. पोरी, हे उलटं आहे, आणि यात तुझा दोष नाही, तुला दाखवलंच तसं.
पहिला ओतून द्यायचा हे बरोबर. पण ताजं तिथे भरायचं नाही. दुसरा उचलून पहिल्याच्या जागी, तिसरा दुसऱ्याच्या जागी, आणि ताजं शेवटच्या जागी. कारण टिश्यूला झायलीनमध्ये जायच्या आधी सगळ्यात कोरडं अल्कोहोल मिळालं पाहिजे. तू करत होतीस त्यात ताजं कोरडं अल्कोहोल ओल्या टिश्यूवर खर्च होत होतं आणि शेवटचा बीकर महिनोनमहिने तोच, त्यात प्रत्येक बॅचचं उरलेलं पाणी साठत जाणार, वर टाकलेल्या भरीने फक्त पातळी राखली जात होती. स्वच्छ दिसतो म्हणजे कोरडा नव्हे, पाण्याला रंग नसतो.
झायलीन आणि मेणाचंही तसंच, नवीन नेहमी शेवटच्या जागी. आणि तुझं पहिलं झायलीन पण आता ओलं झालं असणार, ते दोन्ही बदल.

अमोल_टेक
काका हे वाचून मी आमच्या लॅबमधे जाऊन बघितलं. आमच्याकडे सरकवतात बरोबर पण बीकरवर नंबर नाहीत, त्यामुळे एकदा कुणी उलटं ठेवलं तर कळणारच नाही. आज मार्करने नंबर टाकले. आणि 39 मिमीचं चुकलं माझं, मान्य. पण एक विचारतो, मग नक्की कशामुळे बिघडलं ताईचं, फिक्सेशन की पाणी? अल्कोहोल इतके महिने ओलं होतं तर आधीचे ब्रेस्ट कसे कापले गेले?

पितळी_एल
चांगला प्रश्न. माझं मत दोन्ही. अल्कोहोल हळूहळू बिघडत जातं, पातळ नीट मुरलेला तुकडा त्यातूनही निभावतो. त्या दिवशी जाड, चरबीचा, कच्चा तुकडा आला आणि निभावलं नाही. वैशाली, गेल्या महिन्याभरात लायपोमा किंवा गर्भाशयाचे जाड तुकडे मऊ लागले होते का?

वैशाली_हिस्टो
लायपोमा एक लागला होता. मी म्हणलं लायपोमाच आहे, मऊच असणार.

पॅथॉलॉजीवाली
मी काकांशी पूर्ण सहमत नाही. माझ्या मते मुख्य दोष फिक्सेशनचाच. कच्च्या टिश्यूतून पाणी बाहेर पडायलाही जास्त वेळ लागतो, मी असे मऊ ब्लॉक चांगल्या अल्कोहोलमध्येही पाहिलेत. पण यावर भांडण नको, दोन्ही दुरुस्त करायचेच आहेत. आता त्या पेशंटचं काय ते बघू. वैशाली, उरलेलं सॅम्पल आहे का? गाठ संपूर्ण घेतली की काही शिल्लक आहे?

वैशाली_हिस्टो
आहे मॅडम. गाठ 2.2 सेंटीमीटर होती, साधारण अर्धी अजून डब्यात आहे. सर कधीच सगळी घेत नाहीत.

पॅथॉलॉजीवाली
मग सुटलीस. खराब ब्लॉकच्या मागे लागू नको. उरलेलं ब्रेस्ट सेंटीमीटर-सेंटीमीटरच्या पावासारख्या चकत्यांत कापून घ्या, चकत्यांच्या मधे गॉज घालून ठेवा म्हणजे त्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि फॉर्मॅलिन मधे फिरतं. डबा मोठा घ्या, सॅम्पलच्या दहापट तरी फॉर्मॅलिन, ताजं आणि बफर्ड. उद्या, गाठीची चकती आतपर्यंत राखाडी आणि घट्ट झाल्यावरच तुकडे घ्या. 3 मिमी, त्याहून जाड नाही. चरबीचे 2 मिमी. कॅसेटचं झाकण आपलं आपण लागलं पाहिजे, दाबावं लागलं की तुकडा जाड आहे.

वैशाली_हिस्टो
फॉर्मॅलिन मी 1 लिटरला 100 मिली स्टॉक आणि 900 पाणी असं करते, बफर नाही घालत. चालेल का?

पितळी_एल
घाल. लिटरला मोनोसोडियम फॉस्फेट 4 ग्रॅम, डायसोडियम साडेसहा ग्रॅम. साधं फॉर्मॅलिन पडून पडून आंबट होतं आणि रक्ताच्या जागी तपकिरी-काळे कण दिसायला लागतात, मग नवीन पोरं त्याला मेलॅनिन समजतात. आणि स्टॉक हाताळताना ग्लव्ह्ज घाल. 1893 ला जर्मनीत ब्लूम नावाच्या डॉक्टरला फॉर्मॅलिनचा हा गुण कळला तो स्वतःच्या बोटाची कातडी कडक झालेली बघूनच, आपल्याला तो प्रयोग परत करायची गरज नाही.

रेसिडेंट_दुसरं_वर्ष
आणि समजा सॅम्पल उरलंच नसतं, अशी छोटी बायोप्सी असती तर?

पितळी_एल
तर ब्लॉक वितळवून मागे फिरायचं. मेण टिपून घ्यायचं, ताज्या झायलीनचे दोन बदल, मग अब्सोल्यूटचे दोन-तीन, मग 70 टक्के, फिक्सेशनचा संशय असेल तर परत फॉर्मॅलिन रात्रभर, आणि पुन्हा पूर्ण प्रवास पुढे. एकच ब्लॉक आधी करून बघायचा. सगळे एकदम कधीच नाही. पाणी राहिलेलं असेल तर हे छान काम करतं. पण रविवारभर जे सडायला लागलं होतं ते परत येत नाही, न्यूक्लियस एकदा पुसले की पुसले. सेक्शन सुंदर येईल आणि वाचता काही येणार नाही.

पॅथॉलॉजीवाली
हेच माझं उरलेलं दुखणं आहे या केसमध्ये. गाठीचा मधला भाग आज नीट फिक्स केला तरी तो शनिवारपासून कोरा होता. एच अँड ई वर निदान होईल बहुतेक. ईआर निगेटिव्ह आला तर मात्र मी त्यावर विश्वास ठेवणार नाही, निदान शेजारच्या नॉर्मल डक्ट्स पॉझिटिव्ह आल्याशिवाय तरी नाही. ऑपरेशनच्या आधी सुईची बायोप्सी झाली असेलच. तो ब्लॉक कुठल्या लॅबला आहे ते शोधा, ईआर-पीआर त्याच्यावर करा. बारीक सुतासारखा तुकडा, काढल्या काढल्या फॉर्मॅलिनमध्ये पडलेला, तो खरं बोलेल.

वैशाली_हिस्टो
मंडळी, तीन दिवसांनी येतेय. सगळं सांगते.
मंगळवारी रात्री चकत्या करून ठेवल्या गॉज घालून. बुधवारी बघितलं तर गाठीची चकती अजून मधे किंचित गुलाबी होती, सरांना दाखवली, या वेळी सरच म्हणाले थांबू. गुरुवारी तुकडे घेतले, मी बाजूला पट्टी धरून उभी होते, 3 मिमी. तोवर अल्कोहोल, झायलीन सगळं नवीन केलं, बीकरवर नंबर टाकले, चार अब्सोल्यूट केले कारण एक बीकर रिकामा होता, झायलीनही तीन केली अमोलदादा म्हणाले तशी, दर बीकरचा वेळ थोडा थोडा कमी करून सकाळी साडेसातच ठेवलं.
आज सकाळी एल पीस लावून मेण ओततानाच कळत होतं, तुकडा चिमट्यात ताठ राहात होता, थोडा पारदर्शक. मधून गेलेला चिमटा खड्डा पाडत नव्हता. ब्लॉक कापले, 4 मायक्रॉनला, रिबन अखंड. वॉटर बाथवर टाकला आणि मी श्वास रोखून बघत होते, सेक्शन पसरला आणि तसाच राहिला, पूर्ण, मधे एक बारीकसुद्धा फट नाही. मी तिथेच एकटी हसले.
रंग केला. हॅरिस 6 मिनिटं, ॲसिड अल्कोहोलमध्ये दोन बुडक्या, नळाखाली, मग इओसिन. सर म्हणाले वाचता येतंय, डक्टल कार्सिनोमाच आहे, मधल्या भागात न्यूक्लियस अजून थोडे धुकट आहेत पण कडेला ग्रेड देता येते. रिपोर्ट आज गेला. सुईचा ब्लॉक दुसऱ्या शहरातल्या लॅबला आहे, पेशंटचा मुलगा उद्या आणायला निघतोय.

पॅथॉलॉजीवाली
छान. तो मुलगा जातोय तर त्याला सांग, ब्लॉक कारच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नको म्हणावं. मेण आहे ते.

माणिकमोती
आमचाही रिपोर्ट आला काल. लॅबने सांगितलं की फ्रिजचं कळल्यावर त्यांनी एक दिवस जास्त ठेवला होता. पुढची तपासणी लावली आहे, वाट बघतोय.

वैशाली_हिस्टो
ताई, आईला लवकर बरं वाटो.
काका एक शेवटचं. आजच्या स्लाइडवर न्यूक्लियस निळे कमी आणि जांभळट-तांबूस जास्त दिसतायत, पूर्ण स्लाइडवर, अपेंडिक्सवर पण. मॅडमच्या पद्धतीने उलटं वाचलं तर पूर्ण स्लाइडवर म्हणजे रंग, बरोबर ना? आमच्याकडे आठवडाभर नळाला पाणी नाही, टाकीत टँकरचं साठवलेलं वापरतोय.

पितळी_एल
बरोबर वाचलंस. निळं व्हायला थोडं अल्कलाइन पाणी लागतं. टँकरच्या पाण्याचा पीएच बघ पट्टीने. तोवर लिटरभर पाण्यात सोडियम बायकार्बोनेट साडेतीन ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट 20 ग्रॅम घालून ठेव, त्यात मिनिटभर बुडव, मग साध्या पाण्यातून नीट धू, नाहीतर तोच अल्कलीपणा पुढे जाऊन इओसिन फिकं करेल. करून सांग.